मेमरी +१००० वर काहीच क्रॅश होत नाही, पण स्कोअर मात्र उतरतो (आरटीएक्स ३०८०, आफ्टरबर्नर)

पाऊलखुणा

नमस्कार मंडळी. आरटीएक्स ३०८०, १० जीबीचं कार्ड आहे. पहिल्यांदाच ओव्हरक्लॉक करायला बसले आहे. एका व्हिडिओत सांगितलं तसं आफ्टरबर्नर उघडून कोर क्लॉक +१५० आणि मेमरी क्लॉक +१००० केलं, टिकमार्कचं बटण दाबलं. गेम सुरू झाला, वीस मिनिटं खेळले, काही बिघडलं नाही. मग टाइम स्पाय चालवलं तर अर्ध्यात काळी स्क्रीन येऊन ते बंद पडलं. कोर शून्यावर आणून फक्त मेमरी +१००० ठेवली तर टाइम स्पाय पूर्ण होतं, स्क्रीनवर ठिपके नाहीत, रेघा नाहीत. पण +५०० ला जो ग्राफिक्स स्कोअर येतो त्यापेक्षा +१००० ला कमी येतो. मेमरी जलद चालते आहे तर आकडा खाली का जावा? माझ्या मोजण्यातच चूक आहे का?

अर्धविराम

+१००० म्हणजे फारच झालं. माझा नियम साधा आहे: फरमार्क एक तास चालवायचं. तासाभरात क्रॅश झालं नाही तर सेटिंग पक्कं. मी तीन कार्डं अशीच बसवली आहेत. तुम्ही एकदा ते करून बघा, लगेच कळेल.

तापमापक

पाऊलखुणा, मोजण्यात चूक असेलच असं नाही. तुम्ही जे बघताय ते या कार्डावर दिसायलाच हवं. तुमच्या कार्डावर जीडीडीआर६एक्स मेमरी आहे. ३०८० आणि ३०९० पासून एनव्हिडियाने या मेमरीसाठी चूक पकडून तोच डेटा पुन्हा पाठवायची सोय दिली आहे. मेमरी तिच्या ताकदीबाहेर पळवली की काही डेटा चुकीचा पोचतो, कंट्रोलरला ते कळतं आणि तो डेटा पुन्हा मागवला जातो. त्यामुळे चित्र बिघडत नाही, गेमही पडत नाही, पण पुन्हा पाठवण्यात वेळ जातो. जुन्या कार्डांवर मेमरी जास्त झाली की रंगीत ठिपके दिसायचे आणि माणूस थांबायचा. इथे तो इशारा मिळत नाही. इथला इशारा म्हणजे स्कोअर.

एक शंका मात्र राहते. मेमरी वाढवली की तीही वीज जास्त खाते, आणि ३०८० ला मुळात ३२० वॅटची मर्यादा आहे. तिथे मेमरीने जास्त घेतलं की कोरच्या वाट्याला कमी येतं आणि कोर खाली उतरतो. स्कोअर त्यानेही पडू शकतो. दोन्हीपैकी कुठलं कारण आहे ते वेगळं करता येतं, पण आधी पाया पक्का करा.

सगळं शून्यावर आणा. रीसेट दाबा. पॉवर लिमिट स्लायडर जेवढा उजवीकडे जातो तेवढा न्या, टेंपरेचर लिमिटही. याने क्लॉक थेट वाढत नाही, कार्डाला फक्त जास्त वीज घ्यायची मुभा मिळते. पंखा ऑटोवर ठेवू नका, चाचणीपुरता ७५ टक्क्यांवर बांधून टाका. पंखा कमीजास्त होत राहिला तर तापमान बदलतं, तापमान बदललं की कोर स्वतःच एखादी पायरी वरखाली होतो, आणि मग तुम्ही स्लायडर मोजताय की पंखा, हेच कळत नाही. दहा मिनिटं कार्ड तापवा आणि मग टाइम स्पाय तीनदा चालवा. तिन्ही स्कोअर इथे द्या.

मृगजळ

माझाही प्रश्न घ्या. आरएक्स ६८०० आहे. माझ्याकडे कोरच्या स्लायडरवर +१५० असं काही येतच नाही, सरळ दोन हजारांच्या घरातला आकडा येतो. मेमरी २१५० च्या पुढे सरकत नाही. माझं कार्ड लॉक आहे का? की मीही +१००० टाकायचा?

तापमापक

मृगजळ, तुमच्याकडचा आकडा म्हणजे वाढ नव्हे, कमाल वेग आहे. रेडिऑनच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही कार्डाला सांगता की इथपर्यंत जा. एनव्हिडियाच्या कार्डावर तुम्ही सांगता की नेहमी जिथे असतोस त्यापेक्षा एवढा वर राहा. त्यामुळे या धाग्यातले आकडे तुमच्या कामाचे नाहीत. मेमरीची २१५० ही हद्द त्या कार्डाच्या बायोसमधून येते, कार्ड बिघडलेलं नाही. तुम्ही वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

अर्धविराम, फरमार्कबद्दल माझं मत वेगळं आहे. सवडीने लिहितो.

पाऊलखुणा

केलं. पंखा ७५, पॉवर लिमिट पूर्ण उजवीकडे. माझ्या कार्डावर तो १०० च्या पुढे जातच नाही, म्हणजे ३२० वॅटच. तीन वेळा ग्राफिक्स स्कोअर आला १७,४२०, १७,३९० आणि १७,४०५. कोर साधारण १,८७५ ते १,८९० मध्ये, तापमान ६६.

तापमापक

उत्तम. तिन्हीत फरक ३० गुणांचा आहे. म्हणजे यापुढे ३० च्या आतला कुठलाही फरक फरक म्हणून धरायचा नाही. पुष्कळ जण एकेकदाच चालवतात आणि २० गुण वाढले म्हणून खूश होतात.

आता कोर शून्यावरच राहू दे. मेमरी २५०, ५००, ७५०, १००० अशी घ्या. प्रत्येक आकड्यावर दोनदा चालवा. दर वेळी एचडब्ल्यूइन्फोमध्ये मेमरी जंक्शनचं तापमान बघा. या मेमरीत ११० अंशांना कार्ड स्वतःच वेग कमी करतं, आणि मग तुमचा आकडा मेमरीची क्षमता सांगत नाही, कूलरची सांगतो.

नीलपंख

मध्येच बोलतो. मी लिनक्सवर ३०७० ला +२००० टाकतो आणि महिनोन् महिने व्यवस्थित चालतंय. लोक +१००० ला घाबरतात त्याचं आश्चर्य वाटतं. विंडोजचा ड्रायव्हर कच्चा असणार.

तापमापक

नीलपंख, ड्रायव्हरचा दोष नाही, मोजपट्टी वेगळी आहे. लिनक्सवर nvidia-settings मध्ये जो आकडा टाकता तो ट्रान्सफर रेटचा असतो, आफ्टरबर्नरच्या दुप्पट. तुमचे +२००० म्हणजे इकडचे +१०००. शिवाय ३०७० वर साधी जीडीडीआर६ आहे, तिचं वागणं यांच्या मेमरीवरून ठरवता येणार नाही. तुम्ही स्कोअर मोजलाय का, की फक्त क्रॅश होत नाही म्हणून ठीक म्हणताय?

नीलपंख

दुप्पटचं माहीत नव्हतं, आभार. स्कोअर मोजला नाही. आज रात्री मोजतो.

पाऊलखुणा

मेमरीचे आकडे. प्रत्येकी दोन वेळांची सरासरी.

+२५० ला १७,६१०. +५०० ला १७,७६०. +७५० ला १७,८१५. +१००० ला १७,६४०.

मेमरी जंक्शन शेवटी ९२ अंश. ११० पासून लांबच आहे ना? कोर मात्र +१००० ला जरा उतरलेला दिसला, सरासरी १५ मेगाहर्ट्झने. म्हणजे तुमची दुसरी शंका खरी ठरली का?

तापमापक

९२ ला अडचण नाही. पंखा ७५ वर असताना ९२ आहे, हे मात्र लक्षात ठेवा. रोजच्या वापरात पंखा ५० वर असेल तेव्हा पुन्हा बघा.

कोरचे १५ मेगाहर्ट्झ म्हणजे एक टक्क्याहून थोडं कमी. स्कोअर पडलाय १७५ गुणांनी, तोही साधारण एक टक्का. त्यामुळे नुसत्या या आकड्यांवरून सांगता येत नाही. वीज आड येणारच नाही अशी परिस्थिती तयार करा. कोर १,५०० वर बांधून टाका. तिथे व्होल्टेज इतकं खाली येतं की कार्ड ३२० वॅटच्या जवळपासही जाणार नाही. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि पहिली ओळ द्या. चाचणी झाली की दुसरी ओळ देऊन कुलूप काढा.

```
nvidia-smi -lgc 1500,1500
nvidia-smi -rgc
```

कोर बांधलेला असताना फक्त +७५० आणि +१००० ची तुलना करा. तरीही +१००० ला कमी आलं तर तो पुन्हा पाठवण्याचाच परिणाम, कारण कोर दोन्ही वेळी एकाच जागी आहे आणि विजेची ओढाताण नाही.

अर्धविराम

एवढ्या खटाटोपापेक्षा +५०० ठेवून मोकळं व्हावं, असं माझं मत.

पाऊलखुणा

अर्धविराम, ठेवता येईलही, पण कारण कळल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तापमापक, निकाल: कोर पूर्ण वेळ १,५०० वर स्थिर, वीज २४० वॅटच्या आसपास. +७५० ला १५,१२०. +१००० ला १४,९६५. दोनदा करून बघितलं, फरक तसाच.

तापमापक

मग निकाल लागला. कोर हलला नाही, वीज आड आली नाही, तरी १५५ गुण गेले. तुमच्या मेमरीचा माथा +७५० आणि +१००० च्या मध्ये कुठेतरी आहे आणि +१००० ला ती सतत डेटा पुन्हा पाठवते आहे. दुरुस्त झालेल्या चुका मोजून दाखवणारं काही आपल्या हातात नाही, म्हणून हा फेरा घ्यावा लागतो.

आता +७५० ठेवायचं का? मी ठेवणार नाही. २५० ते ५०० मध्ये १५० गुण मिळाले, ५०० ते ७५० मध्ये ५५ च. चढण संपत आली आहे, म्हणजे +७५० ला अधूनमधून चुका सुरू झाल्या असण्याची शक्यता आहे. +६०० घ्या. त्याने मिळणारा फायदा जवळजवळ तेवढाच राहील आणि उन्हाळ्यात मेमरी आणखी दहा अंश तापली तरी पाठीशी जागा असेल.

आता मेमरी पुन्हा शून्यावर आणा आणि कोर घ्या. दोन्ही एकत्र वाढवलं आणि क्रॅश झालं तर कुणामुळे ते कळणार नाही, तुमचं पहिल्या दिवशी तसंच झालं. कोर १५ च्या पायऱ्यांनी सरकतो, त्यामुळे +१०० टाकलं तरी कार्ड जवळची पायरीच धरतं. ६० पासून सुरू करा, मग ७५, ९०, १०५ असं.

पाऊलखुणा

कोर:

+६०, +७५, +९०, +१०५ सगळे टाइम स्पायमधून पार. +१२० सुद्धा तीनदा पार, स्कोअर १७,८४०. +१३५ ला क्रॅश. तेव्हा +१२० पक्कं, असं समजून गेम लावला. खेळताना काही नाही, पण नकाशा लोड होताना स्क्रीन दोन सेकंद गोठली, काळी झाली आणि गेम डेस्कटॉपवर. DXGI_ERROR_DEVICE_REMOVED असा संदेश. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये nvlddmkm ची नोंद आहे, क्रमांक ४१०१. मला कळत नाही, टाइम स्पायसारखं जड काम तीनदा निभावतं आणि लोडिंगच्या स्क्रीनवर पडतं?

तापमापक

पाऊलखुणा, जड कामात कार्ड सुरक्षित असतं, म्हणूनच असं होतं. अर्धविराम, तुमच्या फरमार्कचंही उत्तर यातच आहे.

आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबा. एक वक्र रेघ दिसेल. आडवं व्होल्टेज, उभा वेग. कोरचा स्लायडर हलवला की ही अख्खी रेघ वर उचलली जाते. आता जड काम चालू असताना कार्ड ३२० वॅटला अडतं आणि या रेघेवर डावीकडे सरकतं, समजा ०.९ व्होल्टच्या जवळ, म्हणून तुम्हाला १,९०० च्या आसपास दिसतं. लोडिंगच्या स्क्रीनवर किंवा मेनूत काम हलकं असतं, वीज शिल्लक असते, मग कार्ड रेघेच्या उजव्या टोकाला पळतं, सुमारे १.०८ व्होल्ट आणि २,००० च्या वर. +१२० ची उचल डाव्या भागाला झेपली, उजव्या टोकाला झेपली नाही. टाइम स्पायने ते टोक तुम्हाला दाखवलंच नव्हतं.

फरमार्क तर त्याहून जड. तिथे कार्ड विजेला इतकं अडतं की क्लॉक खूपच खाली येतं. तासभर ते चाललं म्हणजे तुम्ही रेघेचा सगळ्यात खालचा, सगळ्यात सोपा भाग तासभर तपासला.

अर्धविराम

हे मला पटतंय. पण माझी तिन्ही कार्डं नीट चालली, तेही खरं आहे. आणि कूलर बसवला तो नीट बसलाय का, पेस्ट पोचलीय का, ते फरमार्कइतकं पटकन दुसरं काही सांगत नाही.

तापमापक

कूलर तपासायला जरूर वापरा, त्याला माझी हरकत नाही. स्थिरतेचं प्रमाणपत्र म्हणून नको. तिन्ही कार्डांवर तुम्ही उचल किती दिली होती? +५० असेल तर कुठलीही चाचणी पासच होणार.

पाऊलखुणा, तुम्ही इव्हेंट व्ह्यूअर उघडलात हे फार बरं केलंत. ती दोन सेकंदं म्हणजे विंडोज कार्डाच्या उत्तराची वाट बघत होतं. उत्तर आलं नाही म्हणून त्याने ड्रायव्हर नव्याने चालू केला. अशा प्रसंगानंतर लगेच पुढचं माप घेऊ नका. मशीन रीस्टार्ट करा, कारण ड्रायव्हर उठला तरी क्लॉक कधी कधी अर्धवट स्थितीत अडकतं आणि पुढचा स्कोअर फसवतो.

आता पोर्ट रॉयल चालवा, रे ट्रेसिंगमध्ये कोरचा वेगळा भाग कामाला लागतो. आणि एक हलकं काम: जुना एखादा गेम, फ्रेम ६० वर बांधून, मेनूत ये-जा करत अर्धा तास. दोन्ही जमलं तरच तो आकडा खरा.

रानवाट

वाचतोय, छान चाललंय. माझं लॅपटॉपचं आहे. पॉवर लिमिटचा स्लायडर करडा आहे, हलतच नाही. मग माझ्यासाठी काय क्रम?

तापमापक

रानवाट, लॅपटॉपमध्ये विजेची मर्यादा निर्मात्याने ठरवलेली असते आणि बहुतेक वेळा ती हलत नाही. कोर आणि मेमरीचे स्लायडर चालत असतील तर क्रम हाच, फक्त पायऱ्या निम्म्या घ्या. पण तुमचं कार्ड विजेला अडलेलंच असणार, त्यामुळे स्लायडर उजवीकडे नेण्यापेक्षा ती रेघ कमी व्होल्टेजवर सपाट करणं तुम्हाला जास्त देईल. तो या धाग्याचा विषय नाही.

सांजवेळ

कोर व्होल्टेजचा स्लायडर आहे ना, तो +१०० केला तर +१२० टिकेल की. मी तसंच केलंय, ३०८० च आहे.

तापमापक

सांजवेळ, तो स्लायडर टक्क्यांत आहे आणि तो प्रत्येक बिंदूला जास्त व्होल्टेज देत नाही. रेघेच्या उजव्या टोकाला आणखी एकदोन बिंदू उघडतो. म्हणजे पाऊलखुणांचं कार्ड जिथे पडलं, त्याच्याही पुढे जायची मुभा देतो. माझ्या मते विजेला अडणाऱ्या कार्डावर त्याचा उपयोग नाही.

सांजवेळ

माझ्याकडे तरी फरक पडला. स्लायडर शून्यावर असताना +१२० ला पडायचं, आता पडत नाही. कारण मला सांगता येणार नाही.

तापमापक

पंखा, ड्रायव्हर, गेम सगळं तेच होतं का? असेल तर मला पुन्हा विचार करावा लागेल. दोन्ही स्थितीतलं लॉग मिळालं तर द्या.

पाऊलखुणा

+१२० ला पोर्ट रॉयल दुसऱ्या फेरीतच पडलं. +१०५ ला पोर्ट रॉयल पार, मेनूची अर्ध्या तासाची चाचणीही पार. तुम्ही मेमरीला एक पाऊल मागे आलात तशीच मी इथे आले आणि +९० धरलं. मग दोन्ही एकत्र: कोर +९०, मेमरी +६००.

टाइम स्पाय १८,१३०. मूळ १७,४०५ च्या तुलनेत साधारण चार टक्के. एकत्र केल्यावर कोर थोडा खाली बसतो, कारण वीज तीच ३२०. त्यामुळे दोघांच्या स्वतंत्र फायद्यांची बेरीज होत नाही, हे आता डोळ्यांनी बघितलं. टाइम स्पायची वीस फेऱ्यांची स्ट्रेस टेस्ट ९९.१ टक्क्यांनी पार झाली.

तापमापक

झकास. हे प्रोफाइल १ मध्ये ठेवा. मशीन सुरू होताना आपोआप लागू करायचं बटण मात्र आठवडाभर दाबू नका. आत्ता काही बिघडलं तर रीस्टार्टने सगळं शून्यावर येतं. ते बटण दाबल्यावर तसं होणार नाही, मग सेफ मोडमध्ये जाऊन आफ्टरबर्नर काढावं लागतं.

नीलपंख

मोजलं. इकडच्या हिशोबाने +१००० ला माझा स्कोअर +८०० पेक्षा कमी. महिनोन् महिने मी कार्ड हळू चालवत होतो. +७०० ला आणलंय.

पाऊलखुणा

सहा दिवसांनी पुन्हा आले. रोज दोनतीन तास गेम, काही नाही. आज सकाळी मशीन लावल्या लावल्या गेम उघडला आणि पाचव्या मिनिटाला तोच ४१०१. नंतर दिवसभर पुन्हा झालं नाही. लॉग बघितला तर त्या क्षणी कार्ड ३९ अंशांवर होतं आणि कोर २,०८५. एरवी मला २,०५५ च्या वर कधी दिसलेलं नाही.

तापमापक

गार कार्ड. तापमान कमी असलं की ते स्वतःहून आणखी पायऱ्या चढतं. तुमच्या सगळ्या चाचण्या मीच दहा मिनिटं तापवून करायला सांगितल्या, त्यामुळे हे टोक माझ्याकडून तपासायचं राहून गेलं. कोर +७५ करा आणि तीन दिवस सकाळी गार मशीनवर तोच गेम पहिल्यांदा उघडा.

सांजवेळ

किंवा रेघेच्या उजव्या टोकाचे बिंदूच खाली ओढून २,०५५ ला सपाट करता येतील ना? म्हणजे +९० तसंच ठेवता येईल.

तापमापक

करता येईल, आणि कदाचित तेच जास्त नेमकं ठरेल. पण मग ते स्लायडरचं काम राहत नाही, आणि तापमान बदललं की आफ्टरबर्नरमधली रेघही थोडी सरकते, त्यामुळे सपाट केलेला भाग पुन्हा तपासत राहावा लागतो. आधी +७५ चं बघू.

पाऊलखुणा

+७५ लावलं. उद्या सकाळी पहिला प्रयत्न, लॉग चालू ठेवते. सांजवेळ, तुमच्या दोन्ही लॉगची वाट बघतेय.